पूर्वेकडचे सहा खांब

फक्रुद्दीन सय्यद ओव्हरसिअर पाथर्डीच्या धान्य गोदामाच्या कामावर पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळी सहापासून ते पाझर तलावाच्या बांधावर होते. तिथे अकराशे माणसं मातीकाम करत होती, आणि त्या प्रत्येकाची हजेरी, प्रत्येकाचा खड्डा, प्रत्येकाची तक्रार त्यांच्यापाशी यायची. त्र्याहत्तर सालचा मार्च होता. लागोपाठ पावसानं दगा दिलेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि अख्ख्या तालुक्यातली धडधाकट माणसं सरकारी कामावर. एका ओव्हरसिअरकडे पूर्वी दोन कामं असायची, आता सात होती. फक्रुद्दीन बावन्न वर्षांचे. सायकलवरून उतरताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच क्षणभर थांबले. पाय जमिनीला लागला तरी आपण उतरलो आहोत हे शरीराला पटत नव्हतं.

गोदाम सरकारी होतं. परदेशातून येणारी मिलो ही लाल ज्वारी आणि गहू उघड्यावर, ताडपत्रीखाली पडून राहत होता, म्हणून ते घाईनं मंजूर झालं होतं. काँक्रीटच्या सहा चौकटी. एकेक चौकट म्हणजे दोन बाजूंना दोन खांब आणि त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई, सगळं एकजीव ओतलेलं. खांबांमधलं अंतर बारा मीटर, उंची सहा मीटर. मध्ये एकही खांब नाही, म्हणजे ट्रक थेट आत जाईल. बारा खांबांचा खालचा टप्पा, आठ फुटांपर्यंतचा, ओतून झाला होता. त्यांच्या डोक्यातून सळया वर निघालेल्या होत्या. आता वरच्या टप्प्याच्या आणि तुळईच्या सळया बांधायच्या, की सोमवारी काँक्रीट.

सळयांचा फिटर गोरक्षनाथ पालवे त्यांची वाटच बघत होता. चाळिशीचा, काटक, बोलायला कमी. हातात सळई वाकवायचा चावा तसाच होता.

"भाऊसाहेब, जरा हिकडं या," तो म्हणाला. "मला एक गोष्ट जुळंना."

"काय?"

"पच्छिमेच्या खांबाच्या जाड सळया बाहेरच्या अंगाला हायेत. त्या वर न्हेऊन कोपऱ्यात वाकवल्या की तुळईच्या वरच्या अंगाला झ्याक बसत्यात. पर पूर्वेच्या खांबाच्या जाड सळया आतल्या अंगाला हायेत. त्या वाकवल्या तर तुळईच्या खालच्या अंगाला यायला लागल्या. वर घ्यायच्या तर कोपऱ्यात पार वेडीवाकडी गाठ व्हती."

"नकाशात असेल तसं कर," फक्रुद्दीन म्हणाले आणि पाण्याच्या मडक्याकडे वळले.

"नकाशात एकच खांब काढलाय. खाली लिव्हलंय, दोन्हीकडचे सारखे. मंग आमी सगळे सारखेच बांधले. जाड सळया डाव्या हाताला."

फक्रुद्दीन अर्ध्या वाटेत थांबले. पाणी न पिताच ते परत आले. पश्चिमेच्या रांगेकडे बघितलं, मग पूर्वेच्या. बाराही खांबांच्या जाड सळया एकाच दिशेला, पश्चिमेला होत्या. पलटणीतल्या शिपायांनी एकाच बाजूला मान वळवावी तशा. पश्चिमेच्या खांबांना ती बाहेरची बाजू होती आणि पूर्वेच्या खांबांना आतली.



ते सिमेंटच्या शेडमध्ये गेले. गोण्यांवर नकाशा पसरला. कोपऱ्यात चौकटीची छोटी आकृती होती आणि तिच्यावर बेंडिंग मोमेंटचा आलेख, म्हणजे वजन पडल्यावर चौकटीचा कुठला भाग किती आणि कुठल्या अंगानं वाकतो त्याची रेघ. ही रेघ ज्या अंगाला ताण येतो त्या अंगाला काढायची रीत. ताण आला की काँक्रीट चिरतं, म्हणून सळई त्या अंगाला हवी. कॉलेजात नव्हे, नगरच्या जुन्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारे ट्रेसर असताना फक्रुद्दीन हे शिकले होते. तिथले हेड ड्राफ्ट्समन म्हणायचे, आलेख वाचून विसरून जाशील, त्यातून चौकट वाकवून काढलीस तरच ती तुला कळेल.

त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडला आणि पेन्सिल घेतली. 

आधी शून्याच्या जागा. आलेखाची रेघ जिथं खांबाला किंवा तुळईला ओलांडून एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जाते, तिथे वाकणं शून्य. तिथं बाक उलटतो. तुळईत अशा दोन जागा होत्या, दोन्ही टोकांपासून साधारण दीड दीड मीटरवर. खांबात एकेक, पायापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे दोन मीटरवर. तिथे त्यांनी बारीक टिंबं दिली.

मग बाक. तुळईच्या मध्यावर रेघ खाली, म्हणजे ताण खाली. तुळई खाली लवणार, फुगीर बाजू खाली. टिंबाच्या पलीकडे, टोकाकडे, रेघ वर. तिथे फुगीर बाजू वर. पश्चिमेच्या खांबाच्या डोक्याशी रेघ बाहेरच्या अंगाला. तिथे फुगवटा बाहेर. खालच्या टिंबाखाली रेघ आत. तिथे बाक उलटा. पाया पक्का, मुरमाखालच्या खडकात धरलेला, म्हणून तिथून खांब सरळ उभाच निघणार. पेन्सिल पायापासून निघाली, हळूहळू बाहेर झुकली, टिंबाशी बाक बदलला, पोट बाहेर काढून वर गेली आणि कोपऱ्यात आत वळली. कोपरा एकजीव आहे. तो फिरेल, पण खांब आणि तुळई यांच्यातला काटकोन मोडणार नाही. कोपरा फिरला तशी तुळई तिथून खाली उतरू लागली, टिंबाशी बाक बदलून मध्यावर लवली. सगळं एका दमात जुळलं.

आता पूर्वेचा खांब. पण त्यांनी तो आलेखाप्रमाणे काढला नाही. कामावर बांधलाय तसा काढला, म्हणजे डोक्याशी ताण आतल्या अंगाला धरून. फुगवटा आत आला. रेघ वर जाऊन कोपऱ्याशी पोचली आणि अडली. तुळईचं टोक वरून खाली झुकत येत होतं, खांबाचं डोकं उलट दिशेला फिरत होतं. दोन्ही जोडायची तर कोपऱ्याचा काटकोन मोडावा लागत होता. त्यांनी पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं.

खांब तसा वाकणारच नव्हता. तुळईच्या टोकाला वर असलेला ताण कोपऱ्यावरून खांबाच्या बाहेरच्या अंगालाच उतरणार होता, दोन्हीकडे. नकाशातला आलेखही तेच सांगत होता, पूर्वेची रेघ पूर्वेलाच काढलेली. दोन्हीकडचे सारखे याचा अर्थ आरशातले सारखे. पूर्वेच्या सहा खांबांना वर जिथे सगळ्यात जास्त ताण येणार, तिथे बारीक सळया होत्या.

आणि ओतण्याआधी सळया तपासल्याची सही फक्रुद्दीन सय्यद यांची होती. त्यांना तो दिवस आठवला. सळया मोजल्या, जाडी मोजली, सळयांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर मोजलं. सगळं बरोबर होतं. फक्त कुठलं अंग बाहेरचं, हे बघायचं राहिलं. त्या दिवशी तलावावर एक बाई उन्हानं पडली होती आणि त्यांना परत जायची घाई होती.

गोरक्षनाथ दारात उभा होता. "चुकलं न्हवं?" त्यानं विचारलं.

"चुकलं."

"मीच बांधल्या."

"तू नकाशाप्रमाणं बांधल्यास. बघायचं काम माझं." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आणि आज तू विचारलं नसतंस तर सोमवारी वरचं पण ओतलं असतं."

तहसील कचेरीतून त्यांनी डेप्युटी इंजिनिअरना फोन लावला. गर्जे साहेब तीस वर्षांचे, पुण्याच्या कॉलेजातले, हुशार. तासाभरात त्यांची जीप धुरळा उडवत आली. त्यांचेही डोळे झोपेविना लाल होते. त्यांनी खांब बघितले, मग शेडमध्ये येऊन गोणीचा कागद बघितला. 

"सय्यदभाई, एकतीस तारखेला धान्याचे ट्रक येणार म्हणून मी कलेक्टरांना शब्द दिलाय."

"व्हय साहेब."

"डबल सुरक्षा धरलेली असते आकड्यांत. वजन पूर्ण कधी येणार? थोडं चालून जाणार नाही का?"

फक्रुद्दीननी कागदावरच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे भोक पडलं होतं.

गर्जे साहेबांनी खाली मान घातली. "नाही. चालणार नाही. मला माहीत आहे." मग वैतागून म्हणाले, "म्हणजे सहाही खांब पायापर्यंत पाडायचे. नव्यानं ओतायचे. महिना गेला."

बाहेर बनुबाई खांबांना गुंडाळलेल्या गोणपाटांवर तांब्यानं पाणी घालत होत्या. दुष्काळी कामावरच्या, पन्नाशी उलटलेल्या; ओझं उचलवत नाही म्हणून त्यांना हे काम दिलं होतं. काँक्रीट मुरावं म्हणून चौदा दिवस पाणी लागतं. त्यासाठी टँकरमधून रोज सहा पिंपं बाजूला काढायची, आणि ती काढताना टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया बनुबाईंना काय काय बोलायच्या ते फक्रुद्दीननी ऐकलं होतं. खांब पाडायचे हे बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. तांब्या हातात तसाच धरून त्या दारात आल्या.

"साहेब, हे खांब फोडनार?"

गर्जे साहेबांनी मान डोलावली.

"दोन हप्ते मी ह्यास्नी पानी पाजलं," बनुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "माझी सून तिथं रांगेत उभी राहती, आन् मी हितं दगडाला पानी घालती. लोकांचं ऐकून घेतलं, म्हनलं धान्य ठेवायला जागा हुईल. आता फोडायचं व्हय?"

त्या परत गेल्या. पाणी घालणं थांबवलं नाही.

फक्रुद्दीन गोणीवर बसले. त्यांना आडवं व्हावंसं वाटत होतं, तिथेच, सिमेंटच्या धुळीत. पण त्यांची नजर कागदावर होती, पूर्वेच्या खांबावरच्या खालच्या टिंबावर. पायापासून दोन मीटर. खालचा टप्पा किती ओतला होता? आठ फूट. म्हणजे दोन मीटर चाळीस.

"साहेब," ते हळू म्हणाले, "सगळे कशाला पाडायचे? या टिंबाच्या खाली ताण कुठल्या अंगाला आहे?"

गर्जे साहेबांनी कागद ओढला. "आतल्या."

"आणि आपल्या जाड सळया आतच आहेत. टिंबाच्या खाली त्या बरोबर अंगाला पडल्यात. नकाशात तिथं कमी सळई मागितलीय, आपल्याकडे जास्त आहे. पायाशी डोक्याच्या निम्मंच वाकणं आहे. चूक आहे ती टिंबाच्या वर."

गर्जे साहेब उभेच होते, ते बसले. खिशातून पेन काढलं. "म्हणजे जाड सळई बाहेरच्या अंगाला फक्त वरच्या भागात घालायची. तिचा जोड कुठं द्यायचा? टिंबाच्या आसपास. तिथं वाकणं जवळजवळ शून्य, जोडाला सगळ्यात सोयीची जागा." मग थांबले. "पण वारा, सय्यदभाई. वाऱ्यानं चौकट बाजूला झुकते. टिंब जागच्या जागी राहत नाही. एका बाजूला वर जाईल, दुसरीकडे खाली."

"म्हणून थोडं खाली जायचं. वरचं मीटरभर काँक्रीट फोडू. एक मीटर चाळीसपर्यंत. तिथून नव्या सळया जुन्या बारीक सळयांना बांधून वर न्यायच्या आणि कोपऱ्यात वाकवून तुळईच्या वरच्या अंगाला घालायच्या. खालची उंची तशीच राहील."

गर्जे साहेबांनी आकडेमोड केली. वारा धरून टिंब किती सरकतं ते दोनदा बघितलं. पेन खाली ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

"बसतंय," ते म्हणाले. "आठवडा जाईल. महिना नाही. आज वरती कळवतो, डिझाइनवाल्यांची लेखी मंजुरी आल्याशिवाय छिन्नी लावायची नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कारण काय लिहायचं? नकाशा स्पष्ट नव्हता, असं लिहितो. खोटंही नाही ते. एकच खांब काढला होता."

फक्रुद्दीननी क्षणभर विचार केला. मोह झाला. येत्या जूनमध्ये बढतीच्या यादीत त्यांचं नाव होतं, बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. जहिरा, त्यांची बायको, ती गोष्ट शेजारणींना सांगून बसली होती.

"नकाशा स्पष्ट नव्हता हे लिहा," ते म्हणाले. "पण आलेख त्याच कागदावर होता, आणि मी तो न बघता सही केली, हेही लिहा. नाहीतर उद्या फिटरच्या गळ्यात येईल. त्याची हजेरी बंद होईल."

"तुमच्या नावावर शेरा पडेल."

"पडू द्या साहेब." एवढं बोलायलाही त्यांना दम लागला.

मंजुरी तिसऱ्या दिवशी आली, सोबत डिझाइन ऑफिसचा सुधारलेला नकाशा. त्यात या वेळी दोन्ही खांब वेगवेगळे काढले होते. बुधवारी छिन्न्या सुरू झाल्या. चौदा दिवस पाणी प्यालेलं काँक्रीट सहजी सुटत नव्हतं. चार माणसं आळीपाळीनं घण मारत होती आणि प्रत्येक घावासरशी पांढरा भुगा उडून बनुबाईंच्या लुगड्यावर बसत होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फक्रुद्दीनना विचारलं, "खालचं ऱ्हानार नव्हं?"

"खालचं राहणार, बनुबाई. ते पाणी वाया नाही गेलं."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि राहिलेल्या बुंध्यांवर पुन्हा गोणपाट ओढून घेतलं.

नव्या सळया बांधायच्या दिवशी गोरक्षनाथनं फक्रुद्दीनना बोलावून घेतलं. त्याला तो कागद हवा होता. फक्रुद्दीननी दाखवला. गोरक्षनाथ कागद उलटासुलटा करून बघत राहिला, मग त्यानं एक बारीक तार उचलली, चौकटीसारखी दुमडली, दोन्ही पाय मातीत रोवले आणि वरच्या आडव्या भागावर अंगठ्यानं दाबलं. तार मध्ये लवली. पाय बाहेर फुगले. बुंध्याशी मात्र सरळ राहिले.

"आरं, तसंच की," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं पुन्हा दाबलं. "दोन्ही बाहीर जात्यात. एक आत कसा जाईल?" मग त्यानं बोटानं तारेवर ती जागा शोधली, जिथे बाक बदलत होता. "हितं कायबी व्हत न्हाई."

"तिथं जोड दिलाय आपण."

"ह्ये आदी कळलं असतं तर..." गोरक्षनाथनं तार मातीतून उपटली.

"मला कळत होतं," फक्रुद्दीन म्हणाले. "कळून पण बघितलं नाही."

नवं काँक्रीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओतलं. धान्याचे ट्रक तोवर ताडपत्रीखालीच रिकामे झाले; गर्जे साहेबांना कलेक्टरांपुढं उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. बनुबाईंची पिंपं पुन्हा सुरू झाली आणि टँकरपाशी बोलणीही. फक्रुद्दीन रोज सकाळी तलावावर, दुपारी गोदामावर, संध्याकाळी खडी फोडण्याच्या कामावर जात होते. ऊन वाढत गेलं. घरी पोचल्यावर ते जेवायच्या आधीच भिंतीला टेकून झोपत आणि जहिरा त्यांना हलवून उठवायची.

मेच्या सुरुवातीला तुळईखालचे टेकू काढायचे ठरले. गर्जे साहेब स्वतः आले. पूर्वेच्या पहिल्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला फक्रुद्दीननी वर आणि खाली सारख्या जाडीचे लाकडाचे ठोकळे लावून त्यांच्यावरून दोरा ताणून बांधला होता. तुळईच्या मध्यापासून सुरुवात करून एकेक टेकू सैल केला, तशी तुळई स्वतःच्या बळावर उभी राहिली.  शेवटचा टेकू निघाल्यावर फक्रुद्दीन शिडीवर चढले आणि दोरा आणि खांब यांच्यामधली फट पट्टीनं मोजली. मधल्या उंचीवर फट जेमतेम अर्ध्या सुतानं, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागानं, घटली होती. खांबानं बाहेरच पोट काढलं होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. मग त्यांनी कोपऱ्याशी, तुळईच्या वरच्या अंगावर, चीर शोधली. बोट फिरवून बघितलं. नव्हती.

"काय?" खालून गर्जे साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहे, साहेब."

ते खाली उतरताना गोरक्षनाथनं हात दिला.

मेमो त्याच आठवड्यात आला. तपासणीत हलगर्जीपणा, असे शब्द होते. जूनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. गर्जे साहेबांनी वर लिहून पाहिलं. उत्तर आलं नाही. जहिरा तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बत्तीस साल इंतजार किया, और दो करेंगे." आणि भाकरी वाढली.

गोदामात पहिली पोती उतरली त्या दुपारी फक्रुद्दीन तलावावर होते. बांधाचा एक भाग खचला होता आणि तिथे नव्यानं माती टाकून दाबायची होती. उन्हात उभं राहून त्यांनी हजेरीपट काढला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि पहिल्या टोळीच्या मुकादमाला हाक मारली.